रात्री झोपेत अचानक घसा बंद होतो, श्वासच आत जात नाही. कुणाला अनुभव?

अर्धीझोप (सोमवार, सकाळी ७:५२)

काल रात्री पावणेतीनला जे झालं ते इथे लिहून मोकळा होतो. ऑफिसात सांगितलं तर हसतील.

गाढ झोपेत होतो. एकदम उठून बसलो आणि कळलं की श्वास आत जातच नाहीये. धाप नव्हती, खोकला नव्हता. घशात कुणीतरी दार लावून आतून कडी घातल्यासारखं झालं होतं. सगळा जोर लावून हवा ओढत होतो आणि 'कूंऽऽऽ' असा बारीक आवाज येत होता. पलंगावरून उतरून खिडकीशी धावलो, जणू तिथे हवा जास्त होती. बायको जागी झाली आणि पाठीत गुद्दे घालायला लागली. मग आधी थोडी फट पडली, मग निम्मा श्वास आला, मग पूर्ण. त्यानंतर पाच मिनिटं आवाज बेडकासारखा येत होता. पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिलो, कारण परत आडवं व्हायची हिंमत होईना.

महिन्याभरात ही तिसरी खेप. वय ४३, दमा नाही, बीपी नाही. पाच आठवड्यांपूर्वी सणकून सर्दी-खोकला झाला होता, तो गेला, पण घशात थोडी खवखव मागे राहिली आहे. फॅमिली डॉक्टरांनी छाती तपासली, 'सगळं साफ आहे, स्ट्रेस घेऊ नका' म्हणाले. मार्चअखेर आहे, स्ट्रेस काय मी मागून घेतलाय?

प्रश्न दोनच. हे जिवावरचं आहे का? आणि गेलं ते का गेलं? मी तर काहीच केलं नव्हतं. पुढच्या वेळी नाही गेलं तर?

---

खवट_शेंगदाणा (सोमवार, ८:१०)

गेलं ते वहिनींच्या गुद्द्यांनी. संसारातले गुद्दे कधी वाया जात नाहीत.

---

प्रमाणवेळ (सोमवार, ८:३४)

हे शंभर टक्के स्लीप ॲप्निया. माझं असंच होतं. घोरता का? झोपेची तपासणी करून घ्या, मशीन लावा, आठवड्यात फरक. वजन उतरवा. स्ट्रेसबिस काही नाही.

---

आजोळ_राजापूर (सोमवार, ९:०५)

मलाही होतं हे! जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, ओरडायला जावं तर तोंडातून शब्द फुटत नाही. आमची आजी म्हणायची देवचार बसतो, उशीखाली विळा ठेव. विळा ठेवून पण झालं, त्यामुळे तो उपाय बाद.

---

अर्धीझोप (सोमवार, ९:२०)

@आजोळ_राजापूर, नाही हो, तुमचं वेगळं दिसतंय. मी तर खिडकीपर्यंत पळालो. हातपाय गरजेपेक्षा जास्त हलत होते.

@प्रमाणवेळ, बायको म्हणते घोरतो, पण मध्येच श्वास थांबतो असं तिला कधी दिसलं नाही. दिवसा झोपही येत नाही, फक्त मीटिंगमध्ये येते.

---

गुंगीवाली (सोमवार, दुपारी २:१५)

दोन केसेसच्या मध्ये चहा पिता पिता लिहितेय. मी भूलतज्ज्ञ आहे. तुम्ही जे वर्णन केलंय ते आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये जितक्या जवळून बघतो तितकं क्वचितच कुणी बघत असेल. पेशंट अर्धवट जागा होत असतो, आपण घशातली नळी काढतो, नेमका तेव्हाच लाळेचा किंवा रक्ताचा एखादा थेंब स्वरतंतूंवर पडतो आणि स्वरयंत्र फट्कन बंद होतं. तोच 'कूं' आवाज. त्याला स्वरयंत्राचा झटका म्हणा, आम्ही लॅरिंगोस्पॅझम म्हणतो. तुम्हाला न तपासता हेच झालंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तुमची गोष्ट अगदी त्याचीच आहे. गाढ झोपेतून दचकून जाग, श्वास घेताना शिट्टी, थोडक्यात संपणं, मग घोगरा आवाज, आणि दोन झटक्यांच्या मध्ये सगळं ठणठणीत.

स्वरतंतू आपण बोलण्याचं साधन समजतो. पण त्यांचं मूळ काम राखणदाराचं. घास, पाणी, आम्ल, काहीही चुकून श्वासनलिकेकडे वळलं की फुप्फुसांत जाण्याआधी ते दार लावून घेतात. तुम्हाला दिवसा ठसका लागतो तेव्हाही क्षणभर हेच होतं. ही क्रिया मेंदूच्या देठातून चालते, तुम्हाला विचारून होत नाही. झटक्यात इतकंच बिघडतं की थेंब निघून गेला तरी राखणदार दार सोडत नाही.

आता 'का गेलं' हा खरा चांगला प्रश्न आहे. दार लावून धरणाऱ्या स्नायूंना सतत हुकूम लागतो. श्वास अडला की रक्तात कार्बन डायऑक्साइड चढायला लागतो, ऑक्सिजन उतरायला लागतो, आणि ह्या दोन्ही गोष्टी तो हुकूमच मंद करतात. म्हणजे गुदमरणं जसं वाढतं तशी पकड सुटत जाते. कुलुपात किल्ली आधीपासूनच आहे असं समजा. शिवाय तुम्ही जागे झालात की आवंढा गिळता, थेंब धुऊन जातो. म्हणून निरोगी माणसात हे काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात आपोआप सुटतं.

तोपर्यंत भागतं का? भागतं. साधा श्वास सोडल्यावरही मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत दोन-सव्वादोन लिटर हवा उरते. आत्ता घड्याळ लावून श्वास रोखून बघा, पाऊण मिनिट सहज काढाल. रात्री तेवढाच वेळ तुम्हाला मरणासारखा वाटतो, कारण झोपेतून उठून थेट त्यात पडता.

केस आली, बाकीचं संध्याकाळी.

---

अर्धीझोप (सोमवार, दुपारी २:४०)

ताई, तुम्ही माझी दुपारची झोप परत दिलीत. पण काल किमान चार-पाच मिनिटं चाललं होतं हो.

---

अर्धीझोप (सोमवार, दुपारी २:५५)

दुरुस्ती. बायकोला फोन केला. ती म्हणते, 'कसली चार-पाच मिनिटं, मी दिवा लावला, चष्मा घातला, तुला चार गुद्दे घातले, तेवढ्यात संपलं.' म्हणजे अर्धं मिनिट.

---

बापूकाका_६८ (सोमवार, दुपारी ४:३०)

अनुभवाचे बोल सांगतो. उशाशी तांब्याभांडं ठेवा. असं झालं की लगेच घटाघटा पाणी प्या, आणि दुसऱ्याने पाठीवर थोपटावे. आमच्या वडिलांना असेच व्हायचे, ते ज्येष्ठमधाची काडी चघळून झोपत. ८७ वर्षे जगले.

---

गुंगीवाली (सोमवार, रात्री ८:५०)

बापूकाका, तांब्याभांडं ठेवा, पण पाणी दार उघडल्यावर. बंद असताना घटाघटा प्यायला गेलं तर त्यातलंच पाणी परत स्वरतंतूंवर पडेल आणि झटका लांबेल. पाठीत मारून उपयोग नाही, कारण आत अडकलेलं काहीच नाही. (जेवताना घास अडकून माणसाचा आवाजच बंद झाला असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे पाठीवर जोरात मारायचंच असतं.) ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतला तर बीपी वाढू शकतं, तेवढं जपा.

त्या अर्ध्या मिनिटात करायचं काय, ते सांगते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे तोंड उघडून जोर लावून हवा ओढणं, जी प्रत्येकजण करतो. कागदी स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढून बघा. जितकं जोरात ओढाल तितकी स्ट्रॉ चपटी होते. स्वरतंतूंमधल्या फटीचं तसंच आहे. जोरात ओढलं की ते आणखी आत खेचले जाऊन एकमेकांना चिकटतात.

म्हणून तोंड मिटायचं आणि नाकाने हलकेच हुंगायचं. मोगऱ्याचं फूल हुंगतो तसं, छोटं-छोटं. हुंगताना स्वरतंतू एकमेकांपासून दूर होतात, ती त्यांची सवयच आहे. मग ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचं. बसून राहायचं, पळायचं नाही, कारण पळण्यात ऑक्सिजन जातो. आणि तो 'कूं' आवाज ऐकू येत असेल तर घाबरू नका. आवाज येतोय म्हणजे हवा जातेय.

---

तारसप्तक (सोमवार, रात्री ९:३०)

गुंगीताई, हे 'हुंगणं' मला आठ वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!

मी गाणं शिकवते. पहिल्यांदा झालं ते गणपतीत, दिवसभर आरत्या आणि रात्री अकराला उकडीचे मोदक. मध्यरात्री जी उठले ते वाटलं आता गळा कायमचा गेला. आवाजावर पोट असलेल्या बाईला काय वाटलं असेल बघा. नंतर वर्षातून तीन-चारदा व्हायचं, आणि नीट आठवलं तर दर वेळी दोनच गोष्टी, एक तर उशिरा जेवण, नाहीतर नुकतीच होऊन गेलेली सर्दी. दोन्ही एकत्र आलं की ठरलेलंच.

माझी युक्ती वेगळी आहे. उशाशी एक स्ट्रॉ ठेवते. झटका आला की ओठांत धरून त्यातून श्वास घ्यायचा. बारीक नळीतून जोरात ओढताच येत नाही, त्यामुळे आपोआप हळू होतं. उपयोग स्ट्रॉचा की हाताला काम मिळाल्याचा, देव जाणे. पण आता घाबरत नाही, आणि न घाबरल्यामुळे लवकर सुटतं असं मला वाटतं.

---

शंकासुर (सोमवार, रात्री १०:१२)

आता इथे कुणीतरी 'ऍसिडिटी' म्हणणारच होतं, आलीच उशिरा जेवणाच्या रूपाने. माझ्या ऍसिडिटीवर तीन वर्षं गोळ्या चालल्या, मला छातीत जळजळ कधीच नव्हती. घशाचं काहीही झालं की 'ऍसिड वर येतंय' हे डॉक्टरांचं हल्लीचं ठरलेलं उत्तर आहे. धागाकर्त्याने कुठे म्हटलंय की त्याला जळजळते? त्याला सर्दी झाली होती, विषय संपला.

---

प्रमाणवेळ (सोमवार, रात्री १०:४०)

मी अजूनही ॲप्नियावर ठाम आहे.

---

खवट_शेंगदाणा (सोमवार, रात्री १०:४४)

प्रमाणवेळ, तुम्ही कालच्या पनीरच्या धाग्यावर पण ॲप्नियाच म्हणाला होतात.

---

गुंगीवाली (मंगळवार, सकाळी ६:३०)

शंकासुर, तुमच्याशी मी निम्मी सहमत आहे. घशाच्या तक्रारींवर ऍसिडिटीच्या गोळ्या सरसकट दिल्या जातात आणि अनेकांना त्यांचा काडीचा उपयोग होत नाही, हे खरं आहे. डॉक्टरांमध्येही ह्यावर वाद आहेत. पण 'जळजळ नाही म्हणजे आम्ल वर येत नाही' हे बरोबर नाही. अन्ननलिकेला आम्लाची थोडीफार सवय असते. स्वरयंत्राच्या अस्तराला मुळीच नसते. तिथे जळजळ वाटायच्या कितीतरी आधी थोडंसं आम्लही त्रास देऊ शकतं.

आणि रात्रच का? दिवसा आपण नकळत सारखा आवंढा गिळतो, वर आलेलं खाली जातं, लाळेने आम्ल सौम्य होतं. झोपेत लाळ जवळजवळ आटते आणि गिळणं फारच कमी होतं. त्यात आपण आडवे, म्हणजे उतारही नाही. मध्यरात्री वर आलेला थेंब तिथेच बसून राहतो.

सर्दीचं म्हणाल तर ती खोटी नाहीच. विषाणूमुळे घशातल्या नसांची टोकं काही आठवडे चिडलेली राहतात. मग एरवी दुर्लक्ष झालं असतं असा थेंब, आम्लाचा असो, नाकातून मागे उतरलेल्या शेंबडाचा असो की साध्या लाळेचा, पुरेसा होतो. म्हणून मला 'सर्दी की ऍसिडिटी' हा प्रश्नच तितकासा पटत नाही. बंदूक एकाने भरली, चाप दुसऱ्याने ओढला, असंही असतं.

प्रमाणवेळ, तुमचा मुद्दा अगदीच मोडीत काढू नका असं बाकीच्यांना सांगेन. ॲप्नियात माणूस बंद घशाविरुद्ध श्वास ओढतो, त्या ओढीने पोटातलं वर यायला मदत होऊ शकते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. पण नुसत्या ॲप्नियात घसा वरच्या बाजूला, जिभेमागे बंद होतो, एका रात्रीत अनेकदा, आणि बहुतेक वेळा झोपलेल्याला पत्ताही नसतो, शेजारच्याला असतो. इथे महिन्यात तीनदा आणि माणूस खिडकीशी.

---

अर्धीझोप (मंगळवार, सकाळी ८:०५)

आता जेवणाचा हिशोब मांडतो, कारण तारसप्तक ह्यांचं वाचून चरकलो. मार्चअखेरमुळे घरी यायला साडेदहा. जेवण पावणेअकरा. तीनही वेळा झटका दोन ते तीनच्या दरम्यान. रविवारी रात्री काय खाल्लं होतं ते आठवतंय: मिसळ. उरलेला कट गरम करून, पावासोबत, अकरा वाजता. आणि साडेअकराला आडवा.

---

खवट_शेंगदाणा (मंगळवार, ८:११)

आरोपी सापडला. उरलेला कट. नावातच कट आहे.

---

सासुरवाडी_सातारा (मंगळवार, दुपारी १२:२०)

एक गंभीर गोष्ट लिहिते, नाहीतर सगळे 'आपोआप जातं' वाचून गप्प बसतील.

माझ्या सासूबाईंना मागच्या वर्षी रात्री घसा आवळल्यासारखं झालं. त्यांना आधी ठसक्याचा त्रास होताच, त्यामुळे आम्ही दहा मिनिटं 'जाईल, जाईल' म्हणत बसलो. गेलं नाही. दिवा नीट लावून पाहिलं तर खालचा ओठ आणि जीभ सुजलेली, लाळ गिळता येईना. रिक्षाने नेलं, तिथे लगेच इंजेक्शनं आणि ऑक्सिजन. कारण निघालं बीपीची गोळी, रामिप्रिल. दोन वर्षं घेत होत्या, काही झालं नव्हतं. इतक्या दिवसांनी कसं, तर होतं म्हणे. त्या गटातल्या गोळ्या आता त्यांना कायमच्या बंद.

---

गुंगीवाली (मंगळवार, रात्री ९:१५)

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. होय, त्या गटातल्या गोळ्यांनी वर्षानुवर्षांनंतरही अशी सूज येऊ शकते, आणि ती स्वरयंत्राच्या झटक्यासारखी चढून उतरत नाही, चढतच जाते. फरक तिथेच आहे. झटका अचानक येतो, सुरुवातीलाच सगळ्यात वाईट असतो आणि सुटत जातो. दोन मिनिटांनंतरही सुटत नसेल, वाढत असेल, ओठ-जीभ सुजली असेल, अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ निळे पडले किंवा माणूस बेशुद्ध झाला, तर १०८ ला फोन करा, धागा वाचत बसू नका.

आणि झटका नसतानाही ज्याचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आहे, दिवसा चालताना श्वासाला शिट्टी येते, गिळताना अडकतं, वजन उतरतंय, किंवा थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यानंतर हे सुरू झालंय, त्याने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र बघून घ्यावंच. रात्री धाप लागून उठून बसावं लागतं, बरं वाटायला पाव-अर्धा तास जातो आणि पायांवर सूज आहे, अशांनी हृदय तपासावं.

---

आजोळ_राजापूर (मंगळवार, रात्री ९:४०)

आणि माझा देवचार?

---

गुंगीवाली (मंगळवार, रात्री ९:५२)

तुमचा देवचार निरुपद्रवी. मेंदू जागा झाला, शरीराला अजून निरोप पोचला नाही, इतकंच. त्यात श्वास चालूच असतो. विळा मात्र उशीखालून काढा, खरा धोका तोच आहे.

---

नळस्टॉप_ते_न्यूजर्सी (बुधवार, पहाटे ५:१०)

इकडे एका मित्राला हे होतं, त्याला कुणीतरी कानाच्या पाळीमागे, जबड्याचं हाड आणि कवटी ह्यांच्यामधल्या खळगीत दोन्ही बाजूंनी जोरात दाबायला शिकवलं आहे. तो म्हणतो लगेच सुटतं. भूलतज्ज्ञच वापरतात म्हणे?

---

गुंगीवाली (बुधवार, रात्री १०:०५)

वापरतो. लार्सन नावाच्या भूलतज्ज्ञांनी १९९८ साली लिहिल्यापासून ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. पण आम्ही ते दाबताना पेशंटचा जबडाही पुढे उचलतो आणि मास्कने ऑक्सिजन देत असतो, त्यामुळे नक्की कशाने सुटलं हे आम्हालाही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. घरी, जाग्या माणसाने स्वतःला दाबून बघायला माझी हरकत नाही, मानेच्या शिरा मात्र दाबू नका. माझा कल हुंगण्याकडे आहे.

---

शंकासुर (बुधवार, रात्री १०:३०)

म्हणजे थोडक्यात, जे आपोआप जाणारच आहे त्यावर जो उपाय कराल तो लागू पडतो. विळा सोडून.

---

गुंगीवाली (बुधवार, रात्री १०:३६)

हे वाक्य मी विद्यार्थ्यांना ऐकवणार आहे.

---

अर्धीझोप (सात आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:२०)

धागा वर काढतो. दोघांनी व्यनित विचारलं म्हणून.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. नाकातून बारीक दुर्बीण घातली. त्रास काही नाही, फक्त डोळ्यांतून पाणी. समोर पडद्यावर माझेच स्वरतंतू दिसत होते, पांढऱ्या दोन पट्ट्या. डॉक्टर म्हणाले 'ईऽ म्हणा', पट्ट्या जवळ आल्या. मग म्हणाले 'आता हुंगा', आणि दार सताड उघडलं! गुंगीताई, तुमचा मोगरा आठवला. स्वरतंतू नीट हलतात, गाठबीठ काही नाही. मागच्या बाजूला थोडी लाली आहे, पण ती आम्लाची, सर्दीची की माझ्या घसा खाकरण्याची हे नुसतं बघून सांगता येत नाही असं ते स्वतःच म्हणाले. मला ते आवडलं.

गोळी दिली सहा आठवड्यांपुरती, रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास. मी आधी एकदा अशीच गोळी घेतली होती तेव्हा जेवण झाल्यावर घ्यायचो, ती त्यामुळे निम्मी वायाच गेली म्हणे. जेवण आणि झोप ह्यांत तीन तास. हे सगळ्यात अवघड. शेवटी डबा दोन नेतो, रात्रीचं जेवण ऑफिसातच साडेसातला, घरी येऊन फक्त ताक. डाव्या कुशीवर झोपतो. आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे साधारण सहा इंच. उशा रचून चालत नाही, त्याने पोट दुमडतं आणि उलट जास्त दाबलं जातं, अख्खा पलंगच तिरका पाहिजे.

ह्या सात आठवड्यांत झटका एकदाच आला, चौथ्या दिवशी. ह्या वेळी उठून बसलो, तोंड मिटलं, नाकाने हुंगलं. पहिल्या दोन हुंगण्यांत काही गेलं नाही, खोटं कशाला सांगू, घाम फुटला. तिसऱ्याला किंचित गेलं. मनात आकडे मोजत होतो, बाविसाव्या आकड्याला श्वास मोकळा. बायको जागी झाली नाही. गोळी नुकतीच संपली, त्यानंतरही काही नाही.

---

शंकासुर (रविवार, सकाळी १०:५५)

अभिनंदन. पण ह्या सात आठवड्यांत तुमची सर्दीनंतरची खवखवही गेली असणार. मग बरं कशाने झालं?

---

अर्धीझोप (रविवार, ११:०२)

खवखव गेली, हो. कशाने झालं ते माहीत नाही. विटा काढून बघायची हिंमत नाही.

---

बापूकाका_६८ (रविवार, ११:३०)

आमचा बॉक्स बेड आहे. त्याला पायच नाहीत. विटा कुठे लावायच्या?

---

तारसप्तक (रविवार, ११:४५)

काका, गादीखाली ठेवायची फोमची उतरती पाचर मिळते, पाठीपासून वर उचलणारी. मी तीच वापरते. मापाची करून घ्या, तयार मिळते ती बरेचदा फक्त मानेपुरती असते.

---

खवट_शेंगदाणा (रविवार, १२:०४)

वहिनींचं काय म्हणणं आहे तिरक्या पलंगावर?

---

अर्धीझोप (रविवार, १२:१५)

रोज सकाळी पायथ्याशी सापडते. म्हणते, 'तुझा घसा उघडा राहू दे, पण मला आधी एक आडवी फळी ठोकून दे.'